वजन थांबेपर्यंत

आमच्या आजोबांची सगळी नोकरी मातीतलं पाणी मोजण्यात गेली. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत ते नमुने तपासायला होते. ढिगाऱ्याच्या ठरलेल्या जागांवरून खनिज उचलायचं, मिसळायचं, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं ट्रेमध्ये पसरून १०५ अंशांच्या भट्टीत ठेवायचं आणि मधूनमधून काढून वजन करायचं. लागोपाठची दोन वजनं सारखी आली की नमुना वाळला, आणि जेवढं घटलं तेवढं पाणी. बार्जमधून मांडवीने खाली मुरगावला आणि तिथून जपानला जाणाऱ्या मालाचा हिशेब कोरड्या वजनावर व्हायचा. आजोबा म्हणतात, "पाण्याचे पैसे कोण देतो?"

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. माझंही निम्मं काम हेच. माझी पावडर पांढरी असते आणि काटा काचेच्या पेटीत असतो, इतकाच फरक. त्यामुळे गेल्या डिसेंबरात साठलेली रजा घेऊन मी घरी आले आणि आजीने आवळे वाळवायचं काढलं, तेव्हा ते काम आपसूक आम्हा दोघांकडे आलं. "नाही तरी तुम्ही दोघं जन्मभर तेच करताय," आजी म्हणाली आणि तिने सूप माझ्या हातात दिलं.

आवळे डिचोलीच्या बाजारातले. तुळशीच्या लग्नाला वृंदावनात उसासोबत खोचायच्या फांद्यांवर येतात ते डोंगरातले बारके आवळे वेगळे. ते सत्तरी तालुक्यातल्या बायका वाट्याने विकतात. चवीला जहाल आणि आत शिरांचं जाळं. लोणच्याला ते उत्तम, पण वाळवले की नुसत्या शिरा आणि बी हाती लागते. वाळवायला घाटावरून येणारे मोठे कलमी आवळे बरे. आजोबांनी पाच किलो निवडून घेतले आणि निवडताना बाजारवालीला जेरीस आणलं. हिरव्यावर पिवळसर झाक आलेला, उजेडात धरला तर किंचित आरपार दिसणारा, नखाने दाबून न दबणारा एवढाच घ्यायचा. देठाशी तपकिरी डाग असेल तर तो आत किती गेला आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून असा एकही नको. "असं शोधत बसलात तर मला घरी जायला काळोख होईल," ती म्हणाली. आजोबा हसले, पण हात थांबला नाही.

कच्चा आवळा कापून वाळवला तर तो तपकिरी पडतो आणि आतलं पाणीही सहजी सोडत नाही. म्हणून आधी वाफ. मोदकपात्रात एका थरात ठेवून आठ-दहा मिनिटं, म्हणजे आवळ्यावरच्या सहा रेषा उकलू लागेपर्यंत. रेष उकलली की अंगठ्याने दाबायचं, पाकळ्या सुटतात आणि बी बाहेर येते. त्यापुढे वाफ दिली तर गर पिठूळ होऊन पाकळी हातातच मोडते. पाण्यात थेट उकडलं तर आंबटपणाचा आणि सत्त्वाचा बराच भाग पाण्यात उतरतो, आणि ते पाणी शेवटी मोरीतच जातं.

एक-दोन आवळ्यांच्या पाकळ्या सुटेनात, तेव्हा मी आजीची आदोळी, म्हणजे विळी, पुढे ओढली. आजोबांनी ती पायाने मागे सारली. "लोखंड नको, बाय." मग स्वतःच एक पाकळी आदोळीच्या पात्यावर ठेवून दिली. थोड्या वेळाने ती पाकळी पात्याला टेकली होती तिथे निळसर काळी झाली होती, शाई सांडल्यासारखी. आवळ्यात टॅनिन भरपूर असतं आणि ते लोखंडाशी मिळालं की हाच रंग येतो. पूर्वी शाई याच तत्त्वावर बनायची, आणि केसांसाठी आवळा रात्रभर लोखंडी कढईत भिजवतात तोही यासाठीच. खायच्या आवळ्यात मात्र तो रंग दिसला की माणूस सडला म्हणून फेकून देतो. आम्ही स्टीलची सुरी घेतली.

बिया काढून पाकळ्या साडेचार किलोला थोड्या कमी भरल्या. आजीला मिठातले हवे होते, जेवणानंतर तोंडात टाकायला. मला बिनमिठाचे, चूर्णाला. आजोबांनी सगळ्या पाकळ्या मिसळून, ढीग करून, खनिजासारखेच चार भाग केले आणि समोरासमोरचे एकत्र करून दोन वाटे पाडले, प्रत्येकी २,२०० ग्रॅमचे. "दोन्हींत फरक मिठाचाच राहू दे. बाकी सगळं सारखं. म्हणजे काही वेगळं झालं तर कोणामुळे झालं ते कळेल." एका वाट्याला ६० ग्रॅम मीठ चोळून तो चिनीमातीच्या बरणीत रात्रभर ठेवला. दुसरा तसाच झाकून फ्रिजमध्ये.

सकाळी बरणीत पाव लिटर रस सुटला होता. मीठ बाहेर दाट, पाकळीत पातळ, म्हणून पाणी आपण होऊन बाहेर येतं. उन्हाशिवाय, गॅसशिवाय, फुकट एवढं पाणी गेलं. रस आजीने सरबताला घेतला. मिठाचा वाटा १,९९० ग्रॅमवर आला होता, म्हणजे शर्यतीत तो दोन पावलं पुढे होता. आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन रकाने आखले आणि बिनमिठाच्या रकान्याच्या तळाशी आधीच एक आकडा लिहून त्याला वर्तुळ केलं: ४१५. आवळ्यात पाच भागांतले चार भाग तरी पाणीच असतं, थोडं जास्तच. वाळल्यावरही दहाएक टक्के आत राहतं. त्या हिशेबाने २,२०० चे एवढे उरायला हवेत. "त्याच्याआधी थांबला तर काटा बिघडलाय," ते म्हणाले, "आणि त्याच्याखाली गेला तर माकडं आलीयत."

आमचं घर जुनं, कौलारू. मागची गच्ची नंतर बांधलेली. खाणी जोरात होत्या तेव्हा तिच्यावर काही वाळत घालायची सोयच नव्हती. समोरच्या रस्त्याने ट्रक जात आणि दुपारपर्यंत सगळ्या गच्चीवर लाल थर बसे. आजी सांडगे घालायची तर दातांखाली कचकच यायची. कपडेही घरात वाळत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नोकऱ्या गेल्या, आणि गच्ची वापरात आली. आजोबा ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलतात. त्यातल्या कशाबद्दल त्यांना जास्त वाटतं ते चेहऱ्यावरून लागत नाही.

त्या धुळीने त्यांना एक गोष्ट मात्र शिकवली, ती म्हणजे वारा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा घाटाकडून येतो, कोरडा. तेव्हा धूळ पश्चिमेच्या घरांवर जायची. दुपारी एक-दीडनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून येऊ लागतो, मग धूळ आमच्याकडे. किनाऱ्यावर हा बदल लवकर होतो, आमच्याकडे पोचायला वेळ लागतो. खारा वारा अंगाला गार लागतो, पण त्यात दमटपणा असतो. त्याउलट रात्री पारा १८-२० पर्यंत उतरतो आणि तीच हवा दंव टाकू लागते. सकाळी आठला गच्चीचा कठडा हाताला ओला लागतो. कोरडी हवा आणि ऊन दोन्ही एकत्र मिळतात ते नऊपासून दीड-दोनपर्यंत. चारनंतर ऊन दिसत असतं, सोनेरी वगैरे, पण त्यात वाळवण्याचा जोर नसतो. हे मला काट्यानेच पटलं. एका दिवशी आम्ही दुपारी दोनला आणि पुन्हा पाचला वजन केलं. सकाळच्या पाच तासांत साडेतीनशेच्या वर ग्रॅम गेले होते, नंतरच्या तीन तासांत पन्नाससुद्धा नाहीत.

म्हणून रोजचा क्रम ठरला. कठडा कोरडा झाला की आवळे वर न्यायचे, उशिरात उशिरा चारला खाली. पसरायला आजोबांनी जुनी बाज काढली, तिच्यावर बांबूची दाळी आणि वर धुतलेलं जुनं धोतर. मला थेट गच्चीवर प्लॅस्टिक पसरणं सोपं वाटत होतं, स्लॅब चांगला तापतो. आजोबांनी वाद घातला नाही, दोन्हीकडे मूठमूठ ठेवल्या. दुपारी प्लॅस्टिकवरच्या पाकळ्या वरून खडखडीत आणि खालून घामेजलेल्या होत्या, आणि प्लॅस्टिकवर पाण्याचे थेंब. बाजेवरच्या दोन्ही बाजूंनी सारख्या. पाकळीतून निघालेलं पाणी घेऊन जायला वारा खालूनही लागतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बिनमिठाचा वाटा १,४८० वर आला. एका दिवसात सातशेच्या वर ग्रॅम पाणी उडालं, आणि मला वाटलं आता दोन दिवसांत काम संपलं. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी १,०३०, तिसऱ्या संध्याकाळी ७००. उतार दिसतोय ना, असं त्यांनी नुसतं बोटाने दाखवलं. सुरुवातीला पाणी पाकळीच्या पृष्ठावर असतं, ते लगेच जातं. मग आतलं पाणी बाहेर यावं लागतं, आणि ते आपल्या गतीने येतं. ऊन कितीही कडक असलं तरी. उलट ऊन फार कडक आणि पाकळी जाड असली तर वरची साल आधीच कडक होते आणि आतला ओलावा कोंडतो. तसा आवळा हाताला वाळलेला लागतो, बरणीत भरला जातो आणि पंधरा दिवसांनी आतून बुरसतो.

त्यावर उपाय रात्रीचा. खाली आणलेले आवळे उघडे न ठेवता झाकणाच्या डब्यात भरायचे. रात्रभरात आतलं पाणी पाकळीत सगळीकडे सारखं होतं, आणि सकाळी डबा उघडला की कालच्या कडक पाकळ्या पुन्हा मऊ लागतात. पहिल्यांदा मी घाबरलेच; काल वाळलेलं आज ओलं कसं? काट्यावर ठेवलं तर वजन एक-दोन ग्रॅमनेही हललं नव्हतं. पाणी आलं नव्हतं, आतलं वर आलं होतं. सकाळच्या कोरड्या वाऱ्याला ते सगळ्यात आधी मिळतं.

हा नियम मिठाच्या वाट्यालाही होता. पण एका रात्री आजोबांनी मुद्दाम तो व्हरांड्यात उघडा ठेवला, वर नुसतं फडकं. संध्याकाळी ५६० होता, सकाळी ५९०. रात्रीत तीस ग्रॅम पाणी हवेतून आलं, जवळजवळ एका दुपारची कमाई गेली. शेजारी तसाच उघडा ठेवलेला बिनमिठाचा मूठभर नमुनाही वाढला होता, पण त्या मानाने अगदी थोडा. आजी गावठी मीठच वापरते, मिठागरातलं, खड्यांचं, करड्या रंगाचं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात आणि ते हवेतलं पाणी ओढण्यात साध्या मिठाच्या पुष्कळ पुढे आहेत. पावसाळ्यात गोव्यातल्या कोणत्याही घरी मिठाच्या मडक्याखाली पाणी जमतं ते याच कारणाने. म्हणजे ज्या मिठाने पहिल्या रात्री आम्हाला पाव लिटर पाणी फुकट काढून दिलं, तेच आता रोज रात्री ते परत मागत होतं.

"मग पॅकेटचं मीठ घालायचं ना," मी म्हटलं.

"त्याला चव कुठे असते," आजी खालून म्हणाली. गच्चीवरचं तिला सगळं ऐकू जातं.

मध्येच आभाळ आलं. डिसेंबरात अरबी समुद्रात काही शिजत असलं की आमच्याकडे दोन-तीन दिवस ऊन मरतं. २०१७ साली ओखी वादळाच्या वेळीही डिसेंबरच होता. त्या वर्षी आजीचे सगळे आवळे गेले म्हणे. या वेळी पाऊस नव्हता, नुसता मळभ आणि चिकचिक. बिनमिठाचा वाटा पाचशेच्या आसपास होता. अर्धवट वाळलेल्या आवळ्याची हीच वेळ वाईट. पूर्ण ओला असेल तर परत फ्रिजमध्ये टाकता येतो, पूर्ण वाळला असेल तर डब्यात. मधल्या अवस्थेत बुरशीला खायला साखरही असते आणि प्यायला पाणीही. आजोबांनी माळ्याच्या खोलीत दोरीवर दाळी टांगली, पाकळ्या एकमेकींना लागणार नाहीत अशा विरळ पसरल्या आणि पंखा पूर्ण वेगात दिवसरात्र सोडला. ऊन नाही, पण वारा आहे. दोन दिवसांत वजन वीस-पंचवीस ग्रॅमनेच उतरलं, तरी उतरलं. वाढलं नाही हे महत्त्वाचं.

त्या दोन दिवसांत आम्ही दर चार तासांनी वास घेत होतो. बिघाड आधी नाकाला कळतो. वाळत्या आवळ्याचा वास तुरट-आंबट, थोडा गवतासारखा असतो. त्यात दारूसारखी किंवा पिकलेल्या काजूच्या बोंडासारखी गोडसर झाक आली की आंबायला लागलं समजायचं. मग बोटाला बुळबुळ. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि डोळ्यांना दिसलं ते नेमकं मिठाच्या वाट्यावर. पाकळ्यांच्या कडांना पांढरे ठिपके. माझ्या पोटात गोळा आला. आजोबांनी चष्मा काढून खिशातलं भिंग काढलं, मग ओलं बोट एका ठिपक्यावर टेकवलं. ठिपका विरघळला. दुसरा, तोही विरघळला. आतलं पाणी बाहेर येऊन उडालं की त्यातलं मीठ कडेला राहतं, त्याचे ते खडे. भिंगातून पाहिलं तर चमकतात आणि त्यांना कोन असतात. बुरशी पाण्याने विरघळत नाही, पसरते, आणि तिच्यात केस दिसतात. दोनशेच्या आसपास पाकळ्या मी भिंगाखालून एकेक घातल्या. तीन संशयित निघाल्या, त्या टाकल्या. आजोबा म्हणाले, "तीन नव्हे, त्या तिघींना चिकटलेल्या पण." मग सात गेल्या.

ऊन परतलं तेव्हा माकडंही परतली. शेजारच्या फणसावरून ती आमचा सगळा कारभार बघत होती. आजोबा काठी आणि वर्तमानपत्र घेऊन सावलीला बसले. एका माकडाने डोळा चुकवून मिठाची पाकळी उचलली, तोंडात टाकली, चेहरा वाकडा केला आणि दुसरी उचलली. हे त्यांना फार आवडलं, वजनात दोन ग्रॅमची सूट त्यांनी स्वतःहून मंजूर केली.

मी त्यांना एकदा विचारलं की एवढ्या उन्हात क जीवनसत्त्व किती उरत असेल. ताज्या आवळ्यात ते शंभर ग्रॅममागे काहीशे मिलिग्रॅम असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. पण उन्हाला आणि हवेला ते टिकत नाही, वाळवताना त्याचा मोठा भाग जातो. सावलीत वाळवलं तर कमी जातं. "सावलीत वाळव की," आजोबा म्हणाले, "देशावर जाऊन." आमच्या हवेत सावलीतला आवळा वाळण्याआधी बुरसतो. इथे ऊन सोडून चालत नाही, मग जे जातं ते जाऊ द्यायचं.

शेवटच्या दिवसांत आकडे मंद झाले. ४५५, ४२८, ४१९. मग एका संध्याकाळी ४१७ आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ४१७. आजोबांनी वर्तुळातल्या ४१५ कडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काट्याखालचं टेबल हलतंय का ते तपासलं. हलत नव्हतं. तरी त्यांनी सगळ्यात जाड पाकळी शोधून मोडली. कट् आवाज झाला, मोडलेली कड कोरडी आणि सगळीकडे एकाच रंगाची. मध्ये गडद पट्टा असता तर तिथे ओल आहे असं धरलं असतं. सुपात घालून हलवल्या तर पाकळ्या खडखडल्या. ओलसर असत्या तर धपधप वाजल्या असत्या. वजन सबंध वाट्याचं कळतं, एकेका पाकळीचं नाही, म्हणून ही दुसरी परीक्षा.

मिठाचा वाटा मात्र थांबेना. संध्याकाळी ४७८, डब्यात ठेवून सकाळी तितकाच, पण वर नेऊन पसरेपर्यंत, सकाळच्या दमट हवेत, ४८५. दुपारी पुन्हा ४७६. वाकवली की पाकळी मोडायची नाही, चामड्यासारखी वळायची. आजोबा अस्वस्थ. ते आणखी ऊन देऊ म्हणाले. दिलं. ४७७. आजी वर आली, एक तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाली, "झाले. भरा."

"वजन थांबलं नाही अजून," आजोबा म्हणाले.

"वजन कसलं करता, अहो? चाखा."

तडजोड म्हणून काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन-तृतीयांश भरल्या, झाकण घट्ट लावून खिडकीत ठेवल्या. आठवडाभर रोज एकदा हलवायच्या. काही पाकळ्या जास्त वाळलेल्या असतात, काही कमी. बंद बरणीत त्या आपापसात पाणी वाटून घेतात. काचेच्या आतून वाफ धरली किंवा पाकळ्या एकमेकींना चिकटून गोळा झाला तर परत उन्हात. बिनमिठाची बरणी स्वच्छ राहिली. मिठाच्या बरणीत दुसऱ्या सकाळी खांद्यापाशी पुसट धुकं दिसलं. आजोबा आजीला काही बोलले नाहीत. बरणी उचलून वर गेले, एक दुपार ऊन दिलं आणि परत आणली. त्यानंतर काच साफ राहिली. माझी रजा संपली, मी कुंडईला परतले.

बरण्या पुन्हा नीट बघितल्या त्या श्रावणात, भर पावसात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी आली होती तेव्हा. बिनमिठाचे आवळे अजून कट् मोडत होते. मिक्सरमध्ये कोरडं चूर्ण झालं. मात्र बरणी दिवसातून दोनदा उघडायचा तो हंगाम नव्हे. वाटीत काढून ठेवलेले चार तुकडे संध्याकाळपर्यंत मऊ पडले. मिठाच्या बरणीत पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, हाताला ओलसर लागत होत्या. आजोबांनी मान हलवली. पण बुरशी कुठेच नव्हती, वास स्वच्छ, चव उत्तम.

आमच्या कामात पाण्याची दोन मोजमापं असतात. एक पदार्थात पाणी किती आहे याचं, आणि दुसरं त्यातलं मोकळं किती, म्हणजे जंतूंना वापरता येईल असं किती, याचं. मिठाने पाणी धरून ठेवलेलं असतं. ते काट्यावर दिसतं, बोटाला लागतं, पण बुरशीच्या हाती लागत नाही. म्हणून आजीचे आवळे ओले असूनही टिकले. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, नीट समजून घेतलं आणि म्हणाले की लोहखनिजात असलं काही नव्हतं.

यंदाचे आवळे बाजारात यायला लागले आहेत. आजोबांचा बेत असा की दोन्ही वाटे बिनमिठाचे वाळवायचे, वजन थांबलं की मग आजीच्या वाट्याला भाजून कुटलेलं मीठ लावायचं. रात्री पाणी येणार नाही, मळभाला घाबरायला नको. आजी म्हणते, वरून लावलेलं मीठ जिभेला लागतं, आवळ्याला नाही. दिनदर्शिकेत तीन रकाने आखून झाले आहेत. तिसरा आजीच्या पद्धतीचा, आणि त्याच्या तळाशी आकडा लिहायला आजोबांनी जागा सोडलेली नाही.